शेवटचं शिखर म्हणजे मॉलिक्युलर आयन नव्हे: ७३ आणि ५९ च्या स्पेक्ट्रमबद्दल

वाचकाची प्रतिक्रिया: "तुमचा लेख वाचून नायट्रोजनचा नियम वापरला आणि फसलो. परीक्षेतल्या मास स्पेक्ट्रममध्ये शेवटचं शिखर ७३ होतं, सगळ्यांत उंच म्हणजे बेस पीक ५९, शिवाय ५५, ४३ आणि एक लहानसं ७०. ७३ विषम, म्हणून एक नायट्रोजन धरला आणि C4H11N, डायएथिलअमाइन असं लिहिलं. उत्तर निघालं २-मिथाइल-२-ब्युटेनॉल. शेवटचं शिखर जर मॉलिक्युलर आयन, म्हणजे न फुटलेल्या अख्ख्या रेणूचा आयन, नसेल, तर या नियमांचा उपयोग काय? सरळ साठवलेल्या स्पेक्ट्रमच्या लायब्ररीशी जुळवून पाहावं हेच बरं."

उत्तर:

स्पेक्ट्रम इतका नेमका दिलात याबद्दल मनापासून आभार. त्यामुळे मोघम बोलावं लागणार नाही, तुमच्याच आकड्यांवर बोलता येईल. माझं म्हणणं असं की उत्तर याच पाच आकड्यांत होतं, लायब्ररी न उघडताही. फक्त नायट्रोजनचा नियम फार लवकर लावला गेला.

नायट्रोजनचं वस्तुमान सम, १४, पण संयुजा विषम, ३. कार्बन, ऑक्सिजन, गंधक यांच्यात दोन्ही गोष्टी सम असतात, आणि हायड्रोजन व हॅलोजनांत दोन्ही विषम. म्हणून विषम संख्येने नायट्रोजन असलेल्या रेणूचं वस्तुमान विषम येतं. पण हे अख्ख्या रेणूबद्दल झालं. नायट्रोजन नसलेल्या रेणूतून एखादा मूलक सुटून गेला की उरलेल्या तुकड्याचं वस्तुमान आपोआप विषमच असतं. म्हणजे ७३ हा अख्खा रेणू असेल तर त्यात नायट्रोजन आहे आणि तो तुकडा असेल तर बहुधा नाही. यांपैकी कोणतं खरं, ते नियम सांगत नाही. ते आधी ठरवायला हवं.

ते ठरवायचं शिखरांमधल्या फरकांवरून. ७३ खरोखर मॉलिक्युलर आयन असेल तर बाकीची महत्त्वाची शिखरं त्यातूनच, काहीतरी पटण्याजोगं गमावून, तयार झालेली असली पाहिजेत. ७३ वरून ७० ला यायचं तर ३ गमवावे लागतात. एवढ्या वजनाचा तुकडा रेणूतून निघेल कसा? तीन हायड्रोजन एका दमात जात नाहीत. ७३ वरून ५९ ला यायचं तर १४ जायला हवेत, म्हणजे CH2. मॉलिक्युलर आयन मिथाइल मूलक सहज टाकतो, म्हणजे १५ टाकतो. नुसतं CH2 तो टाकत नाही. ३ ते १४ या पट्ट्यातला फरक दिसला की वरचं शिखर मॉलिक्युलर आयन नाही असं धरून चालावं. तुमच्या स्पेक्ट्रममध्ये असे दोन फरक आहेत, आणि त्यांतला एक थेट बेस पीकशी आहे.

यातला ३ चा फरक मला फार आवडतो, कारण तो निव्वळ नकार देऊन थांबत नाही. १५ आणि १८ यांच्यात ३ चं अंतर आहे. एकाच रेणूने एकदा मिथाइल टाकलं आणि एकदा पाणी टाकलं तर दोन शिखरं बरोबर ३ च्या अंतराने उभी राहतात, आणि त्यांच्यावर जिथे मॉलिक्युलर आयन दिसायचा ती जागा अल्कोहोलमध्ये बऱ्याचदा रिकामी असते. मग हिशोब सोपा होतो. ७३ मध्ये १५ मिळवा, ८८ येतात. ७० मध्ये १८ मिळवा, पुन्हा ८८. आता ८८ मधून बेस पीक वजा करा: २९, म्हणजे एथिल मूलक. तिन्ही वाटा एकाच न दिसणाऱ्या आकड्यावर येऊन मिळतात. ८८ सम आहे. नायट्रोजनचा नियम लावायची वेळ आता आली, आणि तो म्हणतो की नायट्रोजन नाही. पाणी जातंय म्हणजे ऑक्सिजन आहे, त्यामुळे C5H12O हे सूत्र सरळ बसतं. त्यात ना वलय, ना दुहेरी बंध.

मग ८८ दिसत का नाही? नेहमीच्या इलेक्ट्रॉन आयनीभवनात ७० इलेक्ट्रॉन-व्होल्टचे इलेक्ट्रॉन वापरतात. अल्कोहोलमधून एक इलेक्ट्रॉन काढायला साधारण १० पुरतात. जास्तीच्या ऊर्जेतला काही भाग आयनात साठतो आणि बंध तोडायला तेवढा भरपूर होतो. इलेक्ट्रॉन जातो तो बहुतेक ऑक्सिजनच्या एकाकी जोडीतला. त्यानंतर ऑक्सिजनला लागून असलेल्या कार्बनवरचा एखादा गट मूलक होऊन सुटला की उरलेल्या आयनात कार्बन आणि ऑक्सिजन यांच्यात दुहेरी बंध तयार होतो आणि धनभार नीट सांभाळला जातो. ही अल्फा-फूट. तृतीयक अल्कोहोलमध्ये त्या कार्बनवर तीन अल्किल गट असतात, त्यामुळे फुटायला तीन वाटा आणि तिन्ही सोप्या. अख्खा आयन शोधकापर्यंत पोचतच नाही म्हटलं तरी चालेल.

या रेणूत त्या कार्बनवर दोन मिथाइल आणि एक एथिल आहे. मिथाइल गेलं तर ७३, एथिल गेलं तर ५९. मिथाइल दोन असूनही ५९ उंच का, असा प्रश्न पडायला हवा. अल्फा-फुटीत सहसा मोठा गट आधी जातो, आणि एथिल मूलक मिथाइलपेक्षा स्थिरही असतो. म्हणून ५९ बेस पीक आणि ७३ त्याच्या खाली. त्या कार्बनवर हायड्रोजन नाही, म्हणून ८७ येत नाही. ७० हा पाणी गेल्यावर उरलेला C5H10. नायट्रोजन नसलेल्या रेणूत सम वस्तुमानाचा तुकडा दिसला की काहीतरी अख्खा स्थिर रेणू बाहेर पडलाय असं समजावं, आणि विषम शिखरांच्या गर्दीत हे लहानसं ७० नेमकं तेच सांगत होतं. ५५ मध्ये मिथाइल आणि पाणी दोन्ही गेले आहेत, मग क्रम कोणताही असो.

आता हा रेणू अमाइन असता तर काय दिसलं असतं तेही पाहू, कारण तिथे दुसरी कसोटी हाताशी होती. डायएथिलअमाइनमध्येही अल्फा-फूटच होते, पण १५ जाऊन ५८ मिळतो आणि त्यातून एथिलीन निघून ३० मिळतो. म्हणजे एक नायट्रोजन असलेल्या रेणूचे असे तुकडे सम आकड्यांवर पडतात. तुमच्याकडे ५९, ५५, ४३ सगळे विषम. विषम मॉलिक्युलर आयन आणि त्याखाली ठळक शिखरंही बहुतेक विषमच, हे चित्र एका नायट्रोजनच्या साध्या अमाइनशी जुळत नाही.

८८ ठरल्यावर लगेच नाव लिहून मोकळं व्हायचं नाही, इथे थोडं थांबावं लागतं. ३-पेंटॅनॉलचंही बेस पीक ५९, पण त्याच्या ऑक्सिजनवाल्या कार्बनवर मिथाइल नाही, त्यामुळे अल्फा-फुटीतून ठळक ७३ मिळायला जागाच नाही. २-पेंटॅनॉलमध्ये मोठा गट प्रोपिल, तो गेला की ४५ सगळ्यांत उंच. खरी अडचण करतो तो २-मेथॉक्सिब्युटेन हा ईथर. सूत्र तेच, अल्फा-फुटीत एथिल जाऊन ५९, मिथाइल जाऊन ७३. फक्त हे दोन आकडे हातात असते तर मीही निर्णय दिला नसता. सोडवतात ती ७० आणि ५५ ही शिखरं. या ईथरमधून पाणी जात नाही, जायचं तर मेथॅनॉल जातं, म्हणजे ३२ जाऊन ५६. बरोबर उत्तराचा सगळा भार त्या ७० वर आहे, आणि तेच बाजूला राहिलं.

पण ७० वर एवढा भार टाकायचा तर तो कुठे तयार झाला हेही बघायला हवं. तृतीयक अल्कोहोल गॅस क्रोमॅटोग्राफच्या गरम इंजेक्टरमध्येच पाणी गमावून अल्कीन होऊ शकतो, आणि त्या अल्कीनमध्ये ७० व ५५ ठळक असतात. तिथे ही भानगड ओळखणं सोपं आहे. इंजेक्टरमध्ये बनलेलं अल्कीन स्तंभातून वेगळ्या वेळी बाहेर येतं आणि त्याच्या स्पेक्ट्रममध्ये ५९ व ७३ नसतात. नमुना थेट आयन-स्रोतात सोडला असेल तर मात्र दोघांचे स्पेक्ट्रम एकमेकांवर चढतात. तेव्हा प्रवेशाचं तापमान कमी करून बघावं. ५९ च्या तुलनेत ७० खाली आला तर त्यातला काही भाग उष्णतेने झालेला होता.

कुणी म्हणेल की समस्थानिकांचं शिखर पाहून ७३ चा निकाल लावता आला असता. या उदाहरणात नाही. प्रत्येक कार्बनमागे वरच्या शिखराला सुमारे १.१ टक्का मिळतो, आणि C4H9O काय, C4H11N काय, कार्बन दोन्हीकडे चारच. ७४ दोन्हीकडे साधारण साडेचार टक्के. पण ही मोजणी एका वेगळ्या संशयासाठी जरूर करावी. स्तंभातून झिजून येणाऱ्या सिलिकोनचंही ७३ वर शिखर असतं. त्यातल्या सिलिकॉनमुळे ७४ आठ टक्क्यांच्या आसपास जातो आणि ७५ वरही तीनेक टक्के दिसतात. तुमच्या ७३ मागे तसं असेल तर आधी पार्श्वभूमी वजा करा.

लायब्ररीला माझा विरोध नाही, पण तिच्यात जो रेणू नाही त्याच्याजागी ती दिसायला जवळचा दुसराच काढून देते, आणि मॉलिक्युलर आयन नसलेल्या स्पेक्ट्रममध्ये हे जास्त घडतं, कारण ५९, ७३, ५५ असे लहान तुकडे पुष्कळ मोठ्या अल्कोहोलांतही सापडतात. ८८ ला स्वतंत्र पुरावा हवा असेल तर नमुन्याचा ट्रायमिथाइलसिलिल ईथर करा. हायड्रॉक्सिलमागे वस्तुमान ७२ ने वाढतं, म्हणजे १६०. तोही दिसेलच असं नाही, पण मिथाइल जाऊन १४५ आणि एथिल जाऊन १३१ अपेक्षित आहेत, म्हणजे जुन्या ७३ आणि ५९ मध्ये प्रत्येकी ७२ मिळवलेले. २-मेथॉक्सिब्युटेनमध्ये हायड्रॉक्सिलच नाही, त्यामुळे त्याच्यावर या अभिकर्मकाचा परिणाम होणार नाही आणि स्पेक्ट्रम होता तसाच राहील. तृतीयक अल्कोहोलमध्ये जागा दाटीची असल्याने अभिक्रिया हळू चालते, तेव्हा वेळ द्या. आणि त्या नव्या स्पेक्ट्रममध्ये ७३ पुन्हा दिसला तर त्याला आधीचा ७३ समजू नका. तो ट्रायमिथाइलसिलिल आयन आहे, आणि त्याच्या शेजारी ७५ ही असेल.