खुलासा : फोटोतली काळी पँट

“१९१४च्या फोटोतल्या फ्रेंच सैनिकांच्या पँटी काळ्या दिसतात, म्हणजे त्या काळ्याच होत्या.”

नाही, पायदळातल्या बहुतेकांच्या पँटी लालभडक होत्या. पॅरिसच्या लष्करी संग्रहालयात तसे गणवेश आजही आहेत. तेव्हा फोटो काचेच्या प्लेटांवर काढत. त्यातल्या बहुतेक प्लेटा निळ्या प्रकाशाला चटकन प्रतिसाद देत, लाल त्यांना जवळजवळ दिसतच नसे. म्हणून लाल कापड काळपट उमटे, आणि १९१५चा फिका निळा गणवेश तर पांढुरका वाटे. निळं आकाशही कोरं दिसत असेल, तर प्लेट अशीच असावी. पण नुसत्या छटेवरून रंग ठरत नाही. आधी पलटण आणि साल शोधावं लागतं. पँटी काळ्या दाखवून रंगवलेला असा एक फोटो मीही पुढे पाठवला होता, तो चुकीचा आहे. कृपया तो आता पाठवू नका.