कोकमच्या बाटलीवर १६के एचडीआरआय कशाला?

“बाटलीवरची चमक स्वच्छ हवी तर १६के एचडीआरआयच लागतो, खरं का?”

नाही. एचडीआरआय म्हणजे थ्रीडी दृश्याभोवती गुंडाळलेलं ३६०° चित्र, प्रकाश आणि प्रतिबिंबं त्यातूनच येतात; १६के म्हणजे त्याची रुंदी सुमारे १६ हजार पिक्सेल. गोल बाटली आजूबाजूचं जवळजवळ सगळं दृश्य आपल्या बोटभर रुंदीत आवळून दाखवते, त्यामुळे २के-४के सहसा पुरतो. तीच पार्श्वभूमी मागे दिसणार असेल किंवा सपाट आरशासारखा पृष्ठभाग असेल, तर मोठा घ्या.

मालवणच्या एका कोकम आगळाच्या बाटलीसाठी मी आधी किनाऱ्याचा एचडीआरआय लावला होता. (कोकणातला माल, म्हणून समुद्र! हौस, दुसरं काय.) काचेवर क्षितिजाची आडवी रेघ आणि सूर्याचा पांढरा ठिपका उमटला. मग उभ्या सॉफ्टबॉक्सचा स्टुडिओ एचडीआरआय घेतला, तर त्याच्या प्रतिबिंबाचा पट्टा नेमका लेबलावर, कारण सॉफ्टबॉक्स कॅमेऱ्याच्या पाठीशी होता.

ब्लेंडरमध्ये Mapping नोडचं Rotation Z फिरवायचं. दिवा कॅमेऱ्याच्या दिशेपासून जितका बाजूला, त्याच्या निम्म्या कोनावर काचेत पट्टा दिसतो. ९०° बाजूला नेला की पट्टा ४५° वर, म्हणजे मध्यापासून कडेपर्यंतच्या अंतराच्या साधारण ७० टक्क्यांवर. मी १२०° वर थांबलो. पट्टा कडेजवळ सरकला, लेबल मोकळं झालं. फाइल २केचीच होती.