२,४०० डॉलरचं बिल, हाती २,३७२: क्लायंटला मेल लिहिताना

परदेशी क्लायंटकडून पैसे कमी आले की पहिली मेल जाते, "तुम्ही २८ डॉलर कमी पाठवलेत." माझ्या मते ही सुरुवातच चुकीची. त्याच्या खात्यातून बहुधा पूर्ण २,४०० गेलेले असतात. कपात वाटेतल्या बँकेनं केलेली असते आणि त्याला ती दिसतही नाही.

म्हणून आधी आपल्या बँकेकडून परदेशातून आलेल्या रकमेचं पत्रक, म्हणजे इनवर्ड रेमिटन्स अ‍ॅडव्हाइस घ्या आणि त्यात परकीय चलनातला आकडा बघा. तिथे २,३७२ डॉलर असतील, तरच २८ डॉलर मागायचे. तिथे पूर्ण २,४०० असतील आणि रुपये कमी वाटत असतील, तर तो आपल्या बँकेचा चार्ज, त्यावरचा जीएसटी किंवा तिनं लावलेला दर. ते क्लायंटच्या माथी मारू नये. रुपयांत हिशोब करून डॉलर मागणारे इथेच फसतात.

मग मेल. भाषा क्लायंटची, मजकूर साधारण असा:

"इन्व्हॉइस ०४७ चे पैसे मिळाले, आभार. बिल २,४०० डॉलरचं होतं, आमच्याकडे २,३७२ जमा झाले. बँकेचा अ‍ॅडव्हाइस जोडला आहे. फरकाचे २८ डॉलर वाटेतल्या बँकांनी शुल्क म्हणून कापलेले दिसतात. आपल्या बँकेकडून या व्यवहाराची स्विफ्ट कॉपी मिळेल का? ही बाकी पुढच्या बिलासोबत दिलीत तरी चालेल. पुढच्या वेळी शुल्काचा पर्याय OUR निवडावा, ही विनंती."

स्विफ्ट कॉपी म्हणजे क्लायंटच्या बँकेनं पैसे पाठवताना दिलेल्या संदेशाची प्रत. ती मागायची शुल्काचा पर्याय बघायला. SHA असेल तर पाठवणाऱ्या बँकेचा खर्च क्लायंटचा, पुढचा आपला. BEN असेल तर सगळाच आपल्या रकमेतून. OUR असेल तर खर्च पाठवणाऱ्याचा, आणि तरीही कपात झाली असेल तर त्यानं स्वतःच्या बँकेकडे तक्रार करावी. (डॉलरच्या व्यवहारात OUR असूनही मधली बँक कधी कधी हात मारते, त्यामुळे लगेच क्लायंटवर संशय नको.)

२८ डॉलर वेगळे पाठवायला मात्र सांगू नका. त्या वायरवर पुन्हा शुल्क लागेल, आणि हाती येईल ते चणे-फुटाण्यांपुरतं. पुढच्या बिलात ही रक्कम एकूण बेरजेच्या खाली "इन्व्हॉइस ०४७ ची बाकी" अशी लिहा. कामाच्या रकमेत मिसळली तर तेच उत्पन्न दोनदा धरलं जाईल. जुनं बिल २,३७२ चं करून पुन्हा पाठवणं तर नकोच.

आता अडचणीचा मुद्दा. करारात किंवा बिलावर "सर्व बँक शुल्क पैसे देणाऱ्याकडे, बिलाची पूर्ण रक्कम जमा व्हावी" ही ओळ नसेल, तर आपली मेल विनंतीच ठरते. क्लायंट नाही म्हणाला, तर ते २८ डॉलर बँक चार्जेस म्हणून खर्चात टाका, अ‍ॅडव्हाइस फाइलला लावा आणि ती ओळ पुढच्या बिलापासून छापायला घ्या.