गडद पार्श्वभूमीच्या लोगोविषयीच्या तक्रारीला आमचे उत्तर

ग्राहकाचा अभिप्राय: "आमच्या लोगोतली काळी अक्षरे गडद पार्श्वभूमीवर दिसत नव्हती, म्हणून फक्त अक्षरे पांढरी करून मागितली होती. मिळालेल्या प्रतीत अक्षरांच्या कडा दातेरी आणि काळपट आहेत. शिवाय पानातल्या काळ्या शिराही पांढऱ्या झाल्या आहेत. पाच मिनिटांचे काम, तेही धड नाही."

आमचे उत्तर:

महोदय, आपण दाखवलेले दोन्ही दोष खरे आहेत आणि ते आमच्याच कामातले आहेत. फाईल पाठवण्यापूर्वी आम्ही ती एकदाच, लहान आकारात आणि पूर्ण काळ्या पार्श्वभूमीवर पाहिली. तेथे कडांवरचा काळेपणा पार्श्वभूमीत मिसळून गेला आणि आमच्या नजरेतून सुटला. याबद्दल मनापासून क्षमा मागतो.

आमची चूक पद्धतीच्या निवडीत होती. आम्ही GIMP या चित्रसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये Select by Color वापरून काळा रंग निवडला आणि त्यात पांढरा भरला. संगणकाच्या दृष्टीने अक्षरांचा काळा आणि पानातल्या शिरांचा काळा एकच असल्यामुळे शिराही निवडल्या गेल्या. त्या हिरव्या पानावर असल्याने गडद पार्श्वभूमीवरही व्यवस्थित दिसतात. त्यांना हात लावण्याचे काहीच कारण नव्हते.

कडांचे कारण थोडे खोलात आहे. आपली मूळ फाईल पारदर्शक पार्श्वभूमीची पीएनजी आहे. अक्षराची वळणे गुळगुळीत दिसावीत म्हणून त्याच्या कडेचे पिक्सेल काळेच असतात, पण अर्धवट पारदर्शक असतात. रंगावरून निवड करताना हे पिक्सेल पूर्ण अपारदर्शक काळ्यापेक्षा वेगळे ठरतात आणि निवडीबाहेर राहतात. आपल्याकडची गडद पार्श्वभूमी #1e1e1e आहे, म्हणजे तिची उजळता 255 पैकी 30 आहे. त्यावर निम्मा पारदर्शक काळा पिक्सेल 15 इतका दिसतो, म्हणजे पार्श्वभूमीहूनही गडद. तोच पिक्सेल पांढरा असता तर सुमारे 142 दिसला असता आणि पांढरे अक्षर पार्श्वभूमीत हळुवार उतरले असते. आपल्याला दिसलेली काळपट किनार आणि दातेरीपणा यातूनच आला. निवडीची Threshold, म्हणजे चालणाऱ्या रंगफरकाची मर्यादा, वाढवून हे सुटत नाही, कारण मग पानाच्या गडद हिरव्या छटाही निवडीत येऊ लागतात.

दुरुस्त प्रत करताना आम्ही रंगावरून निवड करणे सोडून दिले आणि जागेवरून निवड केली. अक्षरांभोवतीची रिकामी जागा धरून Free Select ने सीमा आखली, Feather edges बंद ठेवले, थराची Lock alpha channel ही खूण चालू केली आणि निवडलेल्या भागात पांढरा रंग भरला. ही खूण चालू असली की प्रत्येक पिक्सेलची पारदर्शकता जशीच्या तशी राहते आणि फक्त रंग बदलतो, त्यामुळे कडेचे अर्धवट पिक्सेलही आपापल्या प्रमाणात पांढरे होतात. मूळ अक्षराचा आकार त्यामुळे जराही बदलत नाही.

खरा वेळ गेला तो पहिल्या अक्षराच्या शेपटीवर, कारण ती पानाच्या देठाला टेकलेली आहे. तेथील काही पिक्सेल हिरव्या आणि काळ्याचे मिश्रण आहेत. ते तसेच ठेवले तर पांढऱ्या अक्षराशेजारी काळसर ठिपके दिसतात आणि सरसकट पांढरे केले तर देठ कुरतडल्यासारखा वाटतो. ते पिक्सेल 800 टक्के मोठे करून, हिरवा आणि पांढरा यांच्या मधल्या छटेने एकेक रंगवले आहेत. मूळ आराखड्याची एसव्हीजी फाईल सापडली, तर ही कसरतच उरणार नाही, कारण तेथे अक्षरांच्या आकृतीचा fill बदलला की काम होते. ती आपल्याकडे असल्यास अवश्य पाठवावी.

नवी प्रत आम्ही #1e1e1e, पूर्ण काळा आणि मध्यम करडा अशा तीन पार्श्वभूमींवर 400 टक्के मोठी करून पाहिली आहे. करड्यावर काळी किनार असती तर लगेच उघडी पडली असती. शिवाय आपली मूळ फाईल आणि नवी प्रत एकाच करड्यावर सपाट करून, एकमेकींवर ठेवून फरक दाखवणारा Difference लावला, तेव्हा देठाची ती जागा सोडून पानाचा सगळा भाग निखळ काळा आला, म्हणजे तेथे काहीही बदललेले नाही.

दुरुस्त फाईल आपल्याला पाठवली आहे आणि तिच्यासाठी वेगळे शुल्क नाही. एक विनंती आहे: ती जेपीजी म्हणून जतन करू नये, कारण त्या प्रकारात पारदर्शकता राहत नाही आणि लोगोमागे एकरंगी चौकट उभी राहते.