दुधाचे दात, रात्रीची बाटली आणि तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट

"दुधाचे दात पडणारच असतात, ते किडले म्हणून काही बिघडत नाही. रात्री बाटली दिली की बाळ शांत झोपतं, दुधाने कुणाचे दात किडत नाहीत. फ्लोराइडची पेस्ट पोटात गेली तर विष आहे, सहा वर्षांपर्यंत हात लावू नका."
(सांगली-मिरजेकडच्या आयांच्या मोबाईलवर फिरणारा संदेश)

हा संदेश चुकीचा आहे. दुधाचे पुढचे दात सहाव्या-सातव्या वर्षी हलू लागतात, पण दुधाच्या दाढा दहाव्या ते बाराव्या वर्षापर्यंत तोंडात असतात. तीन वर्षांच्या मुलाची दाढ किडली, तर त्याला तिच्यावर आणखी सात-आठ वर्षे भाकरी चावायची असते. शिवाय त्या दाढेच्या मुळांमध्ये कायमचा दात तयार होत असतो, त्यामुळे मुळाशी पू साचून राहिला तर त्या दातावर डाग पडू शकतो किंवा त्याचे आवरण कच्चे राहू शकते. दाढ वेळेआधी काढावी लागली, तर सहाव्या वर्षी येणारी कायमची दाढ पुढे सरकून रिकामी जागा बळकावते आणि तिथे येणारा कायमचा दात अडकतो किंवा वाकडा येतो.

बाटलीविषयी मात्र मी सविस्तर लिहिते, कारण माझ्या दातांच्या दवाखान्यात येणाऱ्या लहान मुलांच्या किडीची सुरुवात बहुधा तिथेच झालेली असते. गेल्या वर्षी तासगावकडची एक आई सव्वादोन वर्षांच्या मुलाला घेऊन आली. "मॅडम, ह्याचे दात झिजायला लागलेत," असे ती म्हणाली. वरचे चारही पुढचे दात हिरडीलगत तपकिरी झाले होते, एकाचा कोपरा तुटला होता आणि वरच्या दाढांवर पांढरे पट्टे उमटले होते, परंतु खालचे पुढचे दात स्वच्छ होते. झोपताना आणि पहाटे त्याला दोन चमचे साखर घातलेल्या दुधाची बाटली मिळत असे आणि ती तोंडात असतानाच तो झोपी जात असे.

बाटली चोखताना जीभ खालच्या पुढच्या दातांवर पसरते आणि त्यांना झाकते, जिभेखालची लाळही त्यांना धूत राहते, पण वरच्या दातांभोवती दूध साचून राहते. झोपेत लाळ फारच कमी सुटते, म्हणून जंतूंनी साखरेपासून केलेले आम्ल तासन्‌तास तिथेच राहते, आणि दुधाच्या दाताचे आवरण मुळातच कायमच्या दाताच्या सुमारे अर्ध्या जाडीचे असते. साखर न घातलेले दूध यापेक्षा कमी अपाय करते, तरी तेही तोंडात घेऊन बाळाने रात्रभर झोपू नये. अंगावर पाजणाऱ्या आईने यामुळे घाबरून दूध तोडू नये; वर्षानंतरही रात्रभर मागेल तेव्हा पाजणे चालू असेल, तर संध्याकाळी दात नीट घासलेले असावेत, एवढे पुरे.

कीड लवकर ओळखण्यासाठी बाळाचे डोके मांडीवर घ्यावे, वरचा ओठ वर करावा, दात सुती कापडाने कोरडे करावेत आणि हिरडीच्या कडेला खडूसारखा पांढरा पट्टा दिसतो का ते पाहावे. तो पट्टा ही पहिली पायरी असते आणि खड्डा पडेपर्यंत ती थांबवता येते.

आता फ्लोराइड. पहिला दात, म्हणजे साधारण सहाव्या महिन्याच्या आसपास, दिसला की १००० पीपीएम फ्लोराइडची पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी मऊ ब्रशवर घ्यावी आणि दिवसातून दोन वेळा मोठ्या माणसाने घासावे. तीन वर्षांनंतर वाटाण्याएवढी चालते. लहान मुलांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या काही पेस्टमध्ये फ्लोराइड नसतेच, म्हणून वेष्टनावरचा आकडा वाचूनच घ्यावी. विषाची शंका हिशेबानेच फिटते. तांदळाच्या दाण्याएवढ्या पेस्टमध्ये सुमारे ०.१ मिलिग्रॅम फ्लोराइड असते, म्हणजे बाळाने दोन्ही वेळची सगळी पेस्ट गिळली तरी ०.२ मिलिग्रॅम होते. पिण्याच्या पाण्यात लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड चालते, म्हणजे तशा पाव लिटर पाण्यात ०.२५ मिलिग्रॅम असते. धोका आहे तो ब्रश भरून पेस्ट रोज गिळण्यात, कारण याच वयात जबड्यात घडत असलेल्या कायमच्या दातांवर त्यामुळे पांढरे डाग येऊ शकतात, आणि ट्यूब मुलाच्या हाती लागण्यात. तेव्हा ती फळीवर उंच ठेवावी. घरचे पाणी बोअरचे असेल तर ते तपासून घ्यावे आणि फ्लोराइड जास्त निघाल्यास पेस्टबद्दल दातांच्या डॉक्टरांना विचारावे.

त्या मुलाच्या आईने दर तीन दिवसांनी साखर अर्धा चमचा कमी केली, मग दुधात पाणी वाढवत नेले, आणि महिनाभरात बाटलीत फक्त पाणी राहिले. दूध तो संध्याकाळीच पेल्यातून पिऊ लागला आणि त्यानंतर दात घासणे ठरून गेले. पुढच्या दातांवर मी कीड थांबवणारे औषध लावले. त्याने डाग काळे पडतात, हे तिला आधीच सांगितले होते. तीन महिन्यांनी ते डाग टणक झाले होते आणि दाढांवरच्या पांढऱ्या पट्ट्यांच्या जागी खड्डा पडलेला नव्हता.