आयोडीन क्लोरीनपेक्षा क्रियाशील नाही

दावा: "गणात खाली जाल तशी क्रियाशीलता वाढते. पोटॅशिअम सोडिअमहून जहाल, तसंच आयोडीन क्लोरीनहून जहाल."

पहिलं उदाहरण बरोबर, दुसरं साफ चूक. आवर्तसारणीच्या या दोन्ही उभ्या स्तंभांत, म्हणजे गणांत, खाली जाताना कवचं वाढतात आणि बाहेरच्या इलेक्ट्रॉनवरची केंद्रकाची पकड सैल होते. पण धातूला इलेक्ट्रॉन द्यायचा असतो, त्यामुळे सैल पकड त्याच्या पथ्यावर पडते. पाण्यावर लिथिअम नुसता फसफसतो, सोडिअम वितळून गोळी होऊन धावतो, पोटॅशिअम जांभळट ज्योतीने पेटतो.

क्लोरीन, ब्रोमीन, आयोडीन अशा हॅलोजनला मात्र इलेक्ट्रॉन ओढून घ्यायचा असतो. तिथे सैल पकड नडते.

हे तपासायला पोटॅशिअम ब्रोमाइडच्या रंगहीन द्रावणात क्लोरीनचं पाणी घाला; ब्रोमीन सुटून द्रावण नारिंगी होतं:

Cl₂ + 2KBr → 2KCl + Br₂

पोटॅशिअम ब्रोमाइडच्या ताज्या द्रावणात आयोडीन घातलं तर तपकिरी रंग येतो, आणि फसगत इथेच होते. तो रंग आयोडीनचा स्वतःचाच. थोडं हेक्झेन घालून हलवा: वरचा थर जांभळा दिसला की आयोडीन तसंच आहे, ब्रोमीन सुटलेलं नाही. फ्लुओरीन या चाचणीत बसत नाही, कारण ते पाण्याशीच भिडतं.