गाडी कोणाच्या नावावर आहे?

काल रात्री शंकर नगर चौकातल्या टपरीवर चहा गार होऊन गेला एवढी वादावादी झाली. शुभमनं एक व्हिडिओ दाखवला, वीसेक सेकंदाचा. कारवाला उतरतो, भाजीवाल्या बाईच्या ठेल्याला लाथ मारतो, टमाटे रस्त्यावर, आणि गाडीचा नंबर एकदम साफ. शुभमनं नंबरासकट तो टाकला होता, वर लिहिलं, "याले सोडू नका". तासाभरात खाली कोणीतरी गाडीमालकाचं नाव शोधून लिहिलं, दुसऱ्यानं त्याच्या दुकानाचा फोन.

वैभव भडकला. "काहून टाकला बे नंबर?"

"मंग काय करू? त्या बाईची तक्रार कोण घेते? चार लोक बोलले तर हलतात साहेब लोक."

यात खोटं काही नाही, हे मीही म्हटलं. पण वैभवच्या मामाचं प्रकरण आठवा. जुनी गाडी विकली, 29 आणि 30 नंबरच्या फॉर्मवर सह्या करून दिल्या अन् मोकळा झाला. गाडी विकली की 14 दिवसांत आरटीओला कळवायचं असते, ते राहून गेलं, घेणाऱ्यानंही नावावर केली नाही. मग चालान मामाच्या नावानं. तिथं निदान कागद दाखवायला खिडकी तरी होती. त्या दुकानदारानं कागद कोणाला दाखवायचे, पाचशे कमेंटवाल्यांना?

"बरं, लाथ मारणारा तोच निघाला तर?" शुभमचा हा प्रश्न मला सगळ्यात अवघड वाटतो.

तरी माझं म्हणणं तेच. एकेक माणूस एकच शिवी लिहितो, त्याच्या हिशेबानं ती कमीच असते, पण ज्याला मिळते त्याला सगळ्यांची बेरीज मिळते, आणि बेरीज धरायला कोणी बसलेलाच नसतो. कोर्टात एवढा दंड, एवढे महिने असा आकडा तरी ठरतो. 2018 मध्ये स्टॅनफर्डच्या दोघा मानसशास्त्रज्ञांनी लोकांना वाईट पोस्ट आणि तिच्यावरची रागाची कमेंट दाखवली. कमेंट तीच, पण बाकीचेही तुटून पडलेले दिसले की वाचणाऱ्याला ती दादागिरी वाटायला लागते आणि चूक करणाऱ्याचीच कीव येते. म्हणजे भाजीवाली बाई राहिली बाजूलाच ना राजेहो!

वैभव म्हणे, मग कधीच टाकायचं नाही का? टाकायचं. तक्रार देऊन पोच घेतली, तरी पुढं काही होत नाही, आणि समोरचा खुर्चीवर आहे म्हणून होत नाही, तर त्या खुर्चीचं नाव घ्यावं, कागदासकट घ्यावं. रस्त्यावरच्या साध्या माणसाचा व्हिडिओ आधी ठाण्यात न्यावा, आणि सोबत त्या बाईला न्यावं, कारण कोणाचं किती नुकसान झालं ते तीच सांगू शकते.

शुभमनं तिथंच बसून नंबर झाकला आणि व्हिडिओ परत टाकला. पहिला तोवर तीन ग्रुपवर गेला होता.